एक्सप्लोडेड व्ह्यू, बीओएम आणि बलून: आधी तक्ता, बलून सगळ्यात शेवटी

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमा करून मशीन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझाइनला लागलोय. सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली तयार आहे, साहेबांनी एक्सप्लोडेड व्ह्यू, बलून आणि बीओएम घालून ड्रॉइंग मागितलंय. एक्सप्लोड केलं की सगळं विस्कटल्यासारखं दिसतं आणि बलूनचे नंबर मधेच बदलतात. नेमकं कुठल्या क्रमाने करू?

उत्तर:

तुम्ही बहुतेक आधी एक्सप्लोड करताय, मग बलून टाकताय आणि शेवटी बीओएम, म्हणजे भागांच्या यादीचा तक्ता. बहुतेक जण असंच करतात, मीही पहिली दोन-तीन वर्षं असंच केलं. क्रम उलटा करा. आधी तक्ता पक्का करा, मग भाग सुटे करा, आणि बलून अगदी शेवटी टाका. म्हणजे नंबर बदलण्याची कटकट जवळजवळ संपते. विस्कटल्यासारखं दिसण्याचं कारण मात्र वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

नुसतं बोलण्यापेक्षा एक छोटी असेंब्ली घेऊ. कन्व्हेयरच्या पट्ट्याला ताण देणारी टेन्शनर पुली. एल आकाराचं वेल्डिंग केलेलं ब्रॅकेट, त्याच्या १० मिमी पट्टीत नटाने आवळलेला शाफ्ट, शाफ्टवर दोन ६२०३ बेअरिंगांवर फिरणारी ८० मिमी व्यासाची पुली. दोन बेअरिंगांच्या आतल्या रिंगांमध्ये २० मिमी लांबीचा स्पेसर, पुलीच्या ४० मिमी बोअरमध्ये दोन्ही टोकांना सर्क्लिप, आणि शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला वॉशर व नायलॉक नट. ओळी नऊ आणि नग बारा, एवढाच पसारा. पण चुका करायला तेवढा पुरतो.

तक्ता असा हवा:

| आयटम | पार्ट नंबर | वर्णन | मटेरियल / स्टँडर्ड | नग |
|---|---|---|---|---|
| 9 | `TP-109` | प्लेन वॉशर एम१६ | आयएसओ ७०८९ | 1 |
| 8 | `TP-108` | नायलॉक नट एम१६ | डीआयएन ९८५ | 2 |
| 7 | `TP-107` | इंटर्नल सर्क्लिप ४० × १.७५ | डीआयएन ४७२ | 2 |
| 6 | `TP-106` | बॉल बेअरिंग `6203-2RS` | बाजारातून | 2 |
| 5 | `TP-105` | एंड वॉशर १७ × २२ × ४ | ईएन ८ | 1 |
| 4 | `TP-104` | स्पेसर, लांबी २० | ईएन ८ | 1 |
| 3 | `TP-103` | पुली, व्यास ८० | एफजी २०० | 1 |
| 2 | `TP-102` | शाफ्ट | ईएन ८ | 1 |
| 1 | `TP-101` | ब्रॅकेट, वेल्डेड | माइल्ड स्टील | 1 |

एक नंबर सगळ्यात खाली आहे, ती चूक नाही. तक्ता टायटल ब्लॉकच्या डोक्यावर बसतो, शीर्षकाची ओळ तळाशी असते आणि ओळी खालून वर चढतात. उद्या दहावा भाग आला तर तो वर जोडता येतो, आधीचं काही हलवावं लागत नाही. तक्ता वेगळ्या ए-फोर कागदावर देणार असाल तर मात्र नेहमीसारखा वरून खाली लिहा.

आता पहिली गोष्ट, जी कॉलेजात कुणी नीट सांगत नाही. आयटम नंबर वेगळा आणि पार्ट नंबर वेगळा. आयटम नंबर फक्त या कागदापुरता असतो, बलूनमधून तक्त्यातली ओळ शोधायला. या ड्रॉइंगवर ४ म्हणजे स्पेसर, दुसऱ्या ड्रॉइंगवर ४ म्हणजे दुसरंच काही. पार्ट नंबर मात्र त्या भागाचं कायमचं नाव. `TP-104` हे टर्निंगवाल्याच्या चलनावर, स्टोअरच्या कप्प्यावर आणि पर्चेसच्या ऑर्डरवर तेच राहतं. बलूनमध्ये आयटम नंबरच टाका. पार्ट नंबर बलूनमध्ये कोंबला की गोल मोठे होतात, व्ह्यू झाकला जातो आणि तक्त्याला काही कामच उरत नाही.

म्हणून मॉडेलमध्ये सगळ्यात आधी प्रत्येक पार्टची प्रॉपर्टी भरा. `File > Properties` मध्ये `Description` आणि `Material` लिहा. पार्ट नंबरसाठी कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीमध्ये `Part number displayed when used in a bill of materials` अशी ओळ आहे, तिथे काय निवडलंय ते बघा. `Document Name` असेल तर फाइलचं नाव तक्त्यात येतं. फाइलचं नाव `TP-104` असेल तर काम सोपं. पण `Part3 final new` असेल तर तेच साहेबांच्या टेबलावर जाईल. नाव बदलायचं तर विंडोजच्या फोल्डरमधून बदलू नका, असेंब्लीला तो पार्ट सापडेनासा होतो. सॉलिडवर्क्समधूनच बदला किंवा `Pack and Go` वापरा.

तक्त्यातला मजकूर टेबलात डबल क्लिक करून हाताने लिहू नका. त्या क्षणी काम झाल्यासारखं वाटतं, पण तो शब्द मॉडेलपासून तुटतो. पुढे पार्टमध्ये मटेरियल बदललं तरी तक्ता जुनंच दाखवत राहतो आणि टर्निंगवाला जुन्याच मटेरियलचा बार कापतो.

दुसरा निर्णय ब्रॅकेटचा. ते दोन पट्ट्या आणि एक गसेट वेल्ड करून झालंय, म्हणजे मॉडेलमध्ये ती सब-असेंब्ली आहे. तक्त्यात एक ओळ की तीन? स्वतःला एवढंच विचारा, की फिटरच्या हातात काय येणार? वेल्डिंग, मशीनिंग, रंग होऊन एक तुकडा येणार असेल तर एकच ओळ, एकच बलून. पट्ट्यांचा हिशेब ब्रॅकेटच्या स्वतःच्या ड्रॉइंगवर. त्यासाठी बीओएम टाकताना `Top-level only` निवडा. `Parts only` निवडलंत तर ब्रॅकेट गायब होऊन त्याचे तीन तुकडे वर येतात, आणि ते कुणीतरी सुटे मागवतं.

तिसरी गोष्ट, बेअरिंग दोन ओळींत दिसत नाही ना ते बघा. ओळीत `2` नग हवेत, एक-एक नगाच्या दोन ओळी नकोत. दोन ओळी आल्या तर बहुतेक वेळा एक बेअरिंग दुसऱ्या नावाच्या फाइलमधून आलेलं असतं, किंवा त्याच पार्टचं वेगळं कॉन्फिगरेशन असतं. मूळ मॉडेलमध्ये जाऊन एकच करा, तक्त्यात ओळ लपवून भागवू नका. आणि लक्षात ठेवा, लपवलेला पार्ट तक्त्यात मोजला जातो, सप्रेस केलेला मोजला जात नाही. `Exclude from bill of materials` वर टिक असलेला पार्ट व्ह्यूमध्ये दिसतो पण तक्त्यात येत नाही, आणि `Envelope` केलेलाही तक्त्यात येत नाही. नगांचा हिशेब जुळत नसेल तर आधी या चार ठिकाणी बघायचं.

एंड वॉशरला वेगळा पार्ट नंबर का दिलाय, तेही सांगतो. एम१६ चा बाजारातला प्लेन वॉशर बाहेरून ३० मिमी असतो. तो बेअरिंगला टेकवून आवळला तर आतल्या रिंगेच्या बाहेर जाऊन सीलवर येतो, सील घासतं. म्हणून तिथे २२ मिमीचा टर्निंग केलेला वॉशर. ब्रॅकेटच्या मागे मात्र बाजारातलाच चालतो. तक्त्यात दोन्ही ओळींना नुसतं ‘वॉशर एम१६’ लिहिलं की पर्चेसवाला दोन्ही बाजारातून आणणार, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. वर्णन असं लिहा की ओळ वाचणाऱ्याला ड्रॉइंग न बघताही वस्तू ओळखता यावी.

तक्ता जुळला की मगच असेंब्लीत एक्सप्लोड करायला बसा. इथे तुमचं ‘विस्कटल्यासारखं’ प्रकरण येतं. प्रोग्रॅम सगळं निवडून आपोआप पसरवतो तेव्हा भाग चारी दिशांना जातात, कारण कुठला भाग कुठून आत जातो हे त्याला ठाऊक नसतं, ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं. एक्सप्लोडेड व्ह्यू म्हणजे जोडणी उलटी चालवलेली. ज्या दिशेने भाग हाताने बाहेर निघेल त्याच दिशेने तो स्क्रीनवर निघाला पाहिजे. आमच्या पुलीत तर सगळं एकाच अक्षावर आहे, शाफ्टच्या. एकही भाग वर-खाली जायचं कारण नाही.

ब्रॅकेट स्थिर ठेवा. `Insert > Exploded View` उघडा आणि मशीन खोलायला बसल्यासारखे चालत राहा. बाहेरचा नट निघाला. एंड वॉशर निघाला. मग पुली, तिच्या आतली दोन्ही बेअरिंगं, स्पेसर, दोन्ही सर्क्लिप हे सगळं एकत्र निवडून शाफ्टवरून बाहेर ओढा, कारण खऱ्यातही ते एकत्रच उतरतं. आता त्या गठ्ठ्यातून बाहेरच्या बाजूचा सर्क्लिप आणि बेअरिंग बाहेरच्या दिशेला, आतल्या बाजूचा सर्क्लिप, बेअरिंग आणि स्पेसर ब्रॅकेटच्या दिशेला. शेवटी मागचा नट आणि प्लेन वॉशर ब्रॅकेटच्या पाठीमागे, आणि शाफ्ट पुढे.

पूर्ण ओळ अशी लागते: नट, वॉशर, ब्रॅकेट, शाफ्ट, सर्क्लिप, बेअरिंग, स्पेसर, पुली, बेअरिंग, सर्क्लिप, एंड वॉशर, नट.

यात स्पेसरकडे लक्ष द्या. तो पुलीबाहेर, बेअरिंग आणि पुलीच्या मध्ये आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सुरुवातीच्या काळात मी अगदी अशाच एका ड्रॉइंगमध्ये स्पेसर पुलीच्या आतच राहू दिला होता. पुलीबरोबर तोही सरकला, स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसलं. व्ह्यूमध्ये त्याची एकही कड दिसत नसल्यामुळे त्याला बलून बसला नाही. तक्त्यात चार नंबरची ओळ होती, कागदावर चार नंबरचा गोल नव्हता, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. शॉपमध्ये नवा फिटर होता. त्याने कागद बघून जोडणी केली, एक नळीसारखा तुकडा उरला, तो त्याने बाजूच्या डब्यात टाकला. नट आवळला तेव्हा दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या गेल्या, बाहेरच्या रिंगा पुलीत घट्ट होत्या. गोळ्यांवर बाजूने भार आला. पुली हाताने फिरवली तर जड लागत होती, पण ‘नवीन बेअरिंग आहेत, मोकळी होतील’ असं कुणीतरी म्हणालं. काही दिवसांनी घरघर सुरू झाली आणि बेअरिंगं गरम व्हायला लागली. पुली खोलल्यावर मोजलं तेव्हा कळलं. फिटरला बोलणी बसली, चूक माझी होती.

म्हणून माझा नियम असा आहे, की आत दडलेला प्रत्येक भाग व्ह्यूमध्ये बाहेर आलाच पाहिजे, आणि ज्या बाजूने तो आत जातो त्या बाजूला. तो बाहेर काढल्याने व्ह्यू फारच लांब होत असेल तर पुलीचा छोटा छेद शेजारी द्या आणि बलून तिथे टाका.

लांबीवरून आठवलं. किती अंतर ठेवायचं हे डोळ्याने ठरवलं की शीटवर मावत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. आधी बेरीज करा. वरच्या ओळीतल्या बारा भागांची अक्षावरची लांबी धरू: नट १६, वॉशर ३, ब्रॅकेटची पट्टी १०, शाफ्ट ११०, सर्क्लिप १.७५, बेअरिंग १२, स्पेसर २०, पुली ५२, पुन्हा बेअरिंग १२, सर्क्लिप १.७५, एंड वॉशर ४, नट १६. बेरीज साधारण २५९ मिमी. मध्ये अकरा फटी, प्रत्येकी १५ मिमी धरल्या तर १६५. एकूण ४२४. आयसोमेट्रिकमध्ये अक्षावरची लांबी सुमारे ०.८२ पट दिसते, म्हणजे ३४६ मिमीची तिरकी रेघ. ती ३० अंशांवर असते, म्हणून आडवी जागा ३०० आणि उभी १७३ लागते, पुलीची आणि ब्रॅकेटची जाडी वेगळीच. ए-थ्री शीट ४२० रुंद आणि २९७ उंच, त्यात उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक आणि त्यावर नऊ ओळींचा तक्ता. १:१ बसत नाही, १:२ घ्या. मग सगळं १५० बाय ८७ मध्ये येतं आणि भोवती बलूनला मोकळी जागा राहते. पण १:२ वर पावणेदोन मिमीचा सर्क्लिप अगदी बारीक दिसतो. तो ओळखू येत नसेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी वाढवा.

फटी सगळ्या सारख्याच हव्यात असं नाही. एकत्र उतरणारे भाग जवळ ठेवा, वेगळ्या पायरीला निघणारे जरा दूर. त्याने वाचणाऱ्याला गठ्ठे कळतात. सगळे भाग संपल्यावर `Explode Line Sketch` ने अक्षावरून रेघ काढा, नट कुठल्या टोकावर जातो ते त्या रेघेवरून समजतं. एकाच अक्षावर असेल तर एक रेघ पुरे, प्रत्येक भागाला वेगळी नको.

मग ड्रॉइंग शीट. व्ह्यू टाकून त्याच्या प्रॉपर्टीमध्ये `Show in exploded state` वर टिक करा (नव्या आवृत्तीत शब्द थोडे वेगळे आहेत). शेजारी जोडलेल्या स्थितीचा एक छोटा व्ह्यूही द्या. फक्त सुटे भाग दिसले तर बरोबर जोडल्यावर ते कसं दिसायला हवं हे फिटरला कळत नाही. मग आधी जुळवलेला तक्ता शीटवर जागेवर आणा आणि आयटमचा क्रम हवा तसा लावा. आपोआप येणारा क्रम हा तुम्ही असेंब्लीत पार्ट ज्या क्रमाने आणलेत तोच असतो, त्याला काही अर्थ नसतो. मी आधी बनवायचे भाग, मग बाजारातले, असा क्रम ठेवतो. ओळी ओढून जागेवर आणल्या की तक्त्याच्या पर्यायांत `Do not change item numbers` चालू करा. तुमचे नंबर मधेच बदलत होते ते बहुधा हे बंद असल्यामुळे. नवा भाग घातला किंवा ओळ हलवली की सॉलिडवर्क्स पुन्हा एकपासून मोजतं, आणि शॉपमध्ये कालच्या प्रिंटवरचा सहा नंबर आजच्या प्रिंटवर सात होतो.

आता बलून. `Auto Balloon` ने सुरुवात करायला हरकत नाही, पण तसेच सोडू नका. ज्या बलूनमध्ये आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह किंवा `*` दिसतं, त्याचा आणि तक्त्याचा धागा तुटलाय असं समजा. रेघ भलत्या जागी टेकलीय, किंवा तो भाग या तक्त्यात नाही. त्यावर हाताने आकडा लिहून झाकू नका.

रेघेचं टोक भागाच्या पृष्ठभागावर आत टेकत असेल तर टिंब, कडेवर टेकत असेल तर बाण. स्पेसरसारख्या भागावर टिंब बरं दिसतं, सर्क्लिपला कडेवर बाणच लागतो, कारण टिंब त्याच्यापेक्षा जाड होतं. रेघा एकमेकींना छेदू नयेत आणि अक्षाच्या रेघेला समांतर जाऊ नयेत, नाहीतर कुठली कुणाची ते कळत नाही. गोल एका सरळ ओळीत ठेवा, `Magnetic Line` वापरलीत तर चिकटतात. गोलातला आकडा मापांच्या आकड्यांपेक्षा मोठा हवा. मापं ३.५ मिमी असतील तर बलूनला मी ५ देतो.

दोन नग असलेल्या भागाला बलून एक की दोन, हा प्रश्न नेहमी येतो. बेअरिंगं पुलीच्या दोन्ही बाजूंना जवळच दिसतात, एक बलून पुरतो, नग तक्त्यात आहेतच. पण एम१६ नायलॉक नट दोन टोकांना आहे, एक ब्रॅकेटच्या पाठीमागे आणि एक बाहेर. तिथे ८ नंबरचा बलून दोन्हीकडे द्या. मागचा नट विसरला जातो, हे मी पाहिलंय. मात्र असं केल्यावर बलून मोजून नग ठरवू नका, नग तक्ताच सांगतो.

तपासणी स्क्रीनवर करू नका. ए-थ्रीवर प्रिंट काढा, रंगीत पेन घ्या. तक्त्यातली प्रत्येक ओळ वाचून तिचा बलून शोधा आणि टिक करा, मग उलट, प्रत्येक बलूनवरून ओळीकडे या. माझा स्पेसर या उलटसुलट फेरीत सापडला असता. मग नगांची बेरीज करा. पाच भाग एकेक, म्हणजे पाच, बेअरिंग, सर्क्लिप, नट दोन-दोन म्हणजे सहा, आणि एक वॉशर, एकूण बारा. व्ह्यूमध्ये तुकडे मोजा, तिथेही बारा हवेत. आणि जमलं तर तो कागद घेऊन शॉपमध्ये जा, फिटरला फक्त कागदावरून भाग टेबलावर ओळीने मांडायला सांगा आणि तुम्ही गप्प उभे राहा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे ड्रॉइंग कच्चं आहे.

पुढे बदल आला की काय करायचं तेही सांगून ठेवतो. समजा ब्रॅकेटमागच्या प्लेन वॉशरऐवजी स्प्रिंग वॉशर घ्यायचा ठरला. `TP-109` च्या फाइलमध्येच आकार बदलू नका. स्टोअरच्या कप्प्यात जुने वॉशर त्या नंबराखाली पडलेले असतात, जुनं आणि नवं एकाच नावाने मिसळेल. नव्याला `TP-110` द्या, तक्त्यात आयटम १० वर जोडा, ९ ची ओळ काढून टाका आणि तो नंबर परत कुणाला देऊ नका. तक्त्यात ८ नंतर थेट १० दिसलं की नवे लोक विचारतात, मध्ये काय झालं? त्यांना रिव्हिजनच्या रकान्याकडे बोट दाखवा, तिथे एक ओळ लिहिलेली असू द्या.